४६ जीबीची मेलपेटी सोडवताना

आमचा कारखाना कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. पंपाची हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी असली कास्टिंग मशीन करून द्यायची, हे आमचं काम. क्वालिटीची कागदपत्रं आणि ऑफिसचा मेल दोन्ही माझ्याकडं आहेत. सगळ्या ग्राहकांशी बोलणं एकाच पत्त्यावरून चालतं आणि तो पत्ता ऑफिसच्या एका पीसीवर आउटलुकमध्ये उघडतो. गेल्या पावसाळ्यात तो आउटलुक उघडायला चहा येऊन संपेपर्यंतचा वेळ घ्यायला लागला. शोध घेतला की पडदा पांढरा पडायचा. शाहूपुरीतून आमचं कॉम्प्युटरचं काम बघायला येणाऱ्या पोराला बोलावलं. त्यानं आउटलुकला हात न लावता आधी फोल्डर उघडून, आउटलुक सगळे मेल ज्या एका पीएसटी फाईलमध्ये ठेवतं तिचा आकार बघितला. ४६ जीबी. म्हणाला, "ताई, ही साडेसत्तेचाळीसला थडकली की मेल घ्यायचं बंद करंल बघा."

आउटलुक २०१० पासून पुढच्या आवृत्त्यांत पीएसटी फाईलला डिफॉल्ट ५० जीबीची मर्यादा आहे. पण साडेसत्तेचाळीसला आत नवा माल घेणं थांबतं. वरची जागा फाईलच्या स्वतःच्या हिशेबासाठी राखलेली असते. विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदीत, म्हणजे रजिस्ट्रीत, आकडा बदलून ही मर्यादा वाढवता येते. मालकांना हे कळल्यावर त्यांचं पहिलं वाक्य तेच होतं, "मग वाढव की." पोरानं नकार दिला आणि मला त्याचं कारण पटलं. एवढ्या मोठ्या फाईलमध्ये कधी बिघाड झाला तर दुरुस्त करणारं scanpst.exe तासन्‌तास चालतं, आणि दुरुस्तीआधी ते फाईलची तेवढीच मोठी प्रत करून ठेवू पाहतं. पीसीच्या डिस्कवर तेवढी जागाच नव्हती.

त्यानं पुढचा प्रश्न विचारला तो अकाउंटच्या प्रकाराचा. Account Settings मध्ये पत्त्यापुढं POP/SMTP लिहिलेलं होतं. यावर बरंच काही अवलंबून असतं. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरून पीएसटीत येतो आणि बऱ्याचदा तीच एकमेव प्रत उरते. आयमॅप असतं तर पीसीवरची फाईल ही नुसती सर्व्हरची नक्कल. तिथं काही पुसलं की ते सर्व्हरवरूनही जातं आणि मोबाईलवरूनही. आमचं पॉप असल्यामुळं सर्व्हरवरून काही परत मिळेल ही आशा नव्हती. जे काही होतं ते त्या एका फाईलमध्ये.

फुगवटा नेमका कुठं आहे ते बघायचं ठरलं. आउटलुकमध्ये सगळ्यात वरच्या नावावर राइट क्लिक करून Data File Properties आणि तिथं Folder Size दाबलं की प्रत्येक फोल्डरचा आकार दिसतो. Inbox २० जीबी, Sent Items १५, Deleted Items ५, ग्राहकांच्या नावानं केलेली फोल्डरं मिळून ४. बेरीज ४४. फाईल मात्र ४६. मधले २ जीबी म्हणजे आधी पुसलेल्या मेलांची रिकामी जागा. कपाटातले कपडे काढले म्हणून कपाट लहान होत नाही, तसं पीएसटीतून मेल पुसला तरी फाईल आकसत नाही. ती जागा आत मोकळी राहते आणि नव्या मेलला मिळते. फाईल लहान करायला Compact Now वेगळं चालवावं लागतं. पुष्कळ लोक शेकडो मेल पुसून आकार बघतात, तो तेवढाच दिसतो, आणि वैतागून आणखी पुसत सुटतात.

मला जास्त खटकलं ते Sent Items चे १५ जीबी. आम्ही पाठवतो ते कोटेशन आणि तपासणीचे रिपोर्ट, त्यांचा आकार तो किती? आकारानुसार लावून बघितलं तेव्हा उलगडा झाला. एका पंप हाउसिंगच्या ड्रॉइंगची १८ एमबीची झिप फाईल ग्राहकाकडून आली. ती इनबॉक्समध्ये एक. मी ती पॅटर्नवाल्याला फॉरवर्ड केली, दुसरी. फाउंड्रीला, तिसरी. बाहेरच्या मशीनिंगवाल्याला, चौथी. त्यानं शंका विचारताना तीच फाईल परत जोडून पाठवली, पाचवी. मी ती ग्राहकाकडं फॉरवर्ड केली, सहावी. १८ एमबीच्या एका ड्रॉइंगनं १०८ एमबी खाल्ले. पीएसटी या सारख्या फाईली एकत्र ठेवत नाही. प्रत्येक मेलबरोबर पूर्ण प्रत बसते. आउटलुकमध्ये Reply केलं की जोडलेली फाईल गळते, Forward केलं की सोबत जाते. आमच्या ऑफिसात उत्तर द्यायचं असलं तरी फॉरवर्ड दाबून पत्ता टाकायची सवय, कारण "फाईल पण जाऊ दे की सोबत." पंधरा जीबीतला मोठा भाग या सवयीचा.

पुसण्याआधी प्रत. आउटलुक बंद केलं, तरी टास्क मॅनेजरमध्ये त्याची प्रोसेस थोडा वेळ जिवंत दिसत होती. ती जाईपर्यंत थांबलो, कारण उघडी पीएसटी कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते. मालकांनी घरून आणलेली बाहेरची डिस्क जोडली तर विंडोजनं फाईल फार मोठी आहे म्हणून नकार दिला. डिस्कवर जागा भरपूर होती. पण ती कधीतरी टीव्हीवर लावण्यासाठी FAT32 मध्ये फॉरमॅट केलेली होती, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. दुसरी, एनटीएफएस असलेली डिस्क आणली. कॉपी झाल्यावर पोरानं मूळ फाईल आणि प्रत, दोन्हींवर हा आदेश चालवला:

```
certutil -hashfile "D:\Mail\office.pst" SHA256
```

हा आदेश फाईलच्या आतल्या मजकुरावरून आकड्याअक्षरांची एक लांब ओळ काढतो. दोन्हीकडं तीच ओळ आली, म्हणजे प्रत बिनचूक. ही तुलना प्रत उघडण्याआधीच करायची. आउटलुकमध्ये पीएसटी नुसती उघडली तरी आउटलुक तिच्यात काहीबाही लिहितं आणि ओळ बदलते. म्हणून दोन प्रती केल्या. एक कधीच न उघडण्याची. तिची ओळ कागदावर छापून डिस्कच्या पिशवीत ठेवली. दुसरी प्रत मालकांच्या लॅपटॉपवर उघडून बघितली, जुने मेल आणि त्यांच्या जोडफाईली उघडतात का ते तपासलं. आकार बरोबर दिसला म्हणून प्रत चांगली आहे असं धरून चालण्यात अर्थ नसतो.

त्या कागदाचं महत्त्व आमच्या सीएंनी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश म्हणजे हीच ओळ लिहावी लागते. आम्ही पुढं मेलमधून जोडफाईली काढणार होतो, म्हणजे ते मेल बदलणार होते. कधी पैशावरून वाद झाला तर दाखवायला न बदललेली प्रत हवी.

मालकांचं म्हणणं होतं, २०१८ च्या आधीचं सगळं उडवून टाक. तिथं मी अडले. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. ते तरी तारखेवरून ठरतं. पण वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मानकात पीपीएपीची, म्हणजे पार्ट उत्पादनासाठी मंजूर झाल्याची, कागदपत्रं आणि टूलिंगच्या नोंदी तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत आणि वर एक कॅलेंडर वर्ष ठेवायच्या आहेत. आमची एक व्हॉल्व्ह बॉडी २०१४ पासून अजून चालू आहे. तिची मंजुरी मेलमध्येच आहे. वर्ष बघून पुसलं असतं तर ऑडिटरसमोर नेमकी तीच गायब निघाली असती. मग ठरलं की वर्षानुसार पुसायचं काही नाही. वर्षानुसार वेगळ्या फाईली करायच्या, आणि जोडफाईली कमी करायच्या त्या प्रकार बघून.

या दोन कामांचा क्रम महत्त्वाचा निघाला. आउटलुकमध्ये जुने मेल वेगळ्या फाईलमध्ये हलवायला Clean Up Old Items आहे. तारीख आणि फाईलचं नाव दिलं की ते त्याआधीचे मेल उचलून नेतं. पण ते तारीख कुठली धरतं? मेल आल्याची आणि मेल शेवटचा बदलल्याची, यातली जी नंतरची ती. जोडफाईल काढली की मेल आज बदलला. म्हणजे आधी साफसफाई केली असती, तर २०१६ चा मेल आउटलुकच्या लेखी आजचा झाला असता आणि जागचा हललाच नसता. पोरानं हे आधीच बजावून ठेवलं होतं, "पहिलं हलवायचं, मग कापायचं."

तरीही २०१७ चे शेकडो मेल मागं राहिले. परचेसच्या मॅडमनी मागच्या दिवाळीत बसून जुन्या मेलांना रंगाच्या कॅटेगरी लावल्या होत्या. तोही बदलच. यावर रजिस्ट्रीत ArchiveIgnoreLastModifiedTime नावाची नोंद १ करून ठेवली की आउटलुक फक्त मेलची मूळ तारीख बघतं. आमच्या पोरानं रजिस्ट्रीला हात लावला नाही. मेल आल्याच्या तारखेनुसार लावले, तेवढा गठ्ठा निवडला आणि ओढून जुन्या फाईलमधल्या त्याच नावाच्या फोल्डरात टाकला. मॅडमना वाटलं आपल्या रंगांवर पाणी फिरलं, पण रंग मेलबरोबर गेले.

हलवण्याआधी प्रत्येक फोल्डरच्या Properties मध्ये Show total number of items निवडून मेलांची संख्या वहीत उतरवली होती. हलवल्यावर जुन्या आणि नव्या फोल्डरांची बेरीज तिच्याशी जुळवली. फाईल उघडते म्हणजे सगळं आलं असं नसतं. संख्या जुळली तरच विश्वास.

Deleted Items चे ५ जीबी मी सरळ उडवणार होते. मालकांनी खुर्ची पुढं ओढली. वाचून झालेले मेल ते तिथं टाकतात आणि लागले की तिथूनच शोधतात! म्हणजे त्यांच्यासाठी ती कचराकुंडी नव्हती, रॅक होती. शेजारी बसून तासभर चाळलं आणि जवळपास १ जीबीचे मेल ग्राहकांच्या फोल्डरात परत नेले. एकाच पत्त्यावर दोघंतिघं काम करत असतील तर Deleted Items रिकामं करण्याआधी सगळ्यांना विचारा. प्रत्येकाची कचऱ्याची व्याख्या वेगळी असते.

बाकीचे पुसले. आता ४० जीबी उरले. त्यातले २०१८ पर्यंतचे १२ एका पीएसटीत, २०१९ ते २०२१ चे १४ दुसऱ्या पीएसटीत आणि चालू फाईलमध्ये १४. चालू फाईल डिस्कवर अर्थातच अजून ४६ जीबीचीच होती. कॉम्पॅक्टसाठी सोमवारची सुट्टी निवडली. पीसीची झोप बंद केली, यूपीएसची बॅटरी बघून घेतली आणि Account Settings मधून Data Files, तिथून फाईलच्या Settings मध्ये जाऊन Compact Now दाबलं. एक छोटी खिडकी उघडते आणि बराच वेळ काहीच होत नसल्यासारखं वाटतं. इथं बरेचजण कंटाळून टास्क मॅनेजरमधून आउटलुक मारतात आणि फाईल बिघडवून घेतात. काम चालू आहे का ते टास्क मॅनेजरमध्येच डिस्कच्या हालचालीवरून कळतं. संध्याकाळी फाईल १४ जीबीच्या थोडी वर आलेली होती.

मग जोडफाईलींचं काम, आणि खरा वेळ तिथं गेला. शोधपट्टीत messagesize:enormous लिहिलं की ५ एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. यादी कमी वाटली तर विंडोजचं इंडेक्सिंग अर्धवट असू शकतं; तेव्हा फोल्डर आकारानुसार लावून बघायचं. आमच्याकडं मोजकेच मेल बहुतेक वजन घेऊन बसले होते, त्यामुळं लहानांच्या मागं लागायची गरजच पडली नाही.

मेल उघडायचा, जोडफाईल ग्राहक, पार्ट नंबर आणि रिव्हिजन अशा क्रमानं केलेल्या फोल्डरात जतन करायची, ती तिथून उघडते का बघायचं, मगच Remove Attachment. काढल्यावर आउटलुक काहीच खूण ठेवत नाही. इथं कधी फाईल होती हेही नंतर कळत नाही. म्हणून मेलच्या Actions मधलं Edit Message निवडून पहिल्या ओळीत फाईल कुठं ठेवली तो पत्ता लिहीत गेले. डिजिटल सही असलेले मेल मात्र सोडून दिले, कारण बदल केला की सही तुटते. पीपीएपीच्या मंजुरीचे मेलही जोडफाईलीसकट जसेच्या तसे ठेवले.

जतन करताना एकाच नावाच्या फाईली सारख्या समोर येत होत्या आणि विंडोज विचारत होतं, आधीच्या फाईलवर ही लिहू का? सहा प्रतींच्या हिशेबानं हो म्हणायचा मोह होत होता. पण त्या खरंच प्रती आहेत का, हे नावावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक मेलसाठी वेगळं उपफोल्डर करून सगळ्या जतन केल्या आणि नंतर त्या फोल्डरात पॉवरशेलमध्ये हे चालवलं:

```
Get-ChildItem -Recurse -File | Get-FileHash |
  Group-Object Hash | Where-Object Count -gt 1
```

हे आतला मजकूर तंतोतंत सारखा असलेल्या फाईली गटांत दाखवतं, नाव काहीही असो. बहुतेक गट अपेक्षेप्रमाणं निघाले आणि त्यातली एक-एक ठेवून बाकीच्या काढल्या. मात्र त्या पंप हाउसिंगची एक झिप कुठल्याच गटात आली नाही. नाव तेच, आकारही जवळपास तोच. उघडून बघितलं तर ग्राहकानं नंतर पाठवलेलं रिव्हिजन बी निघालं, फाईलचं नाव न बदलता पाठवलेलं. एका बोल्ट होलची जागा बदलली होती. आम्ही त्या रिव्हिजनचेच पार्ट दिलेत हे मेलमधल्या मजकुरावरून पटलं, पण ड्रॉइंगची ती प्रत आमच्याकडं फक्त त्या मेलमध्येच होती. आधीच्या फाईलवर लिही म्हटलं असतं, तर कुठलं रिव्हिजन उरलं असतं ते शेवटी जतन केलेल्या मेलवर अवलंबून होतं.

हे सगळं झाल्यावर पुन्हा कॉम्पॅक्ट केलं आणि चालू फाईल ७ जीबीवर आली. जुन्या दोन्ही पीएसटींना मी हात लावला नाही. त्यांच्यात भर पडणार नाही, मग त्यांचं वजन कुणाला त्रास देणार? आउटलुकमध्ये त्या राइट क्लिक करून बंद ठेवते, लागल्या तरच उघडते. मालकांना त्या ऑफिसच्या नेटवर्क डिस्कवर ठेवून सगळ्यांना दाखवायच्या होत्या. मायक्रोसॉफ्ट नेटवर्कवरून पीएसटी वापरायला पाठिंबा देत नाही. लाईन मध्येच तुटली की फाईल बिघडू शकते. तिथं न उघडणारी प्रत ठेवायला हरकत नाही. उघडायची ती त्या पीसीच्या स्वतःच्या डिस्कवरूनच.

पोरानं जाताना सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सेटिंग बघितली. आमच्याकडं मेल १४ दिवसांनी सर्व्हरवरून निघतात, ते ठीक होतं. पण एखाद्याकडं सर्व्हरवर कायम प्रत राहत असेल आणि सफाईच्या उत्साहात त्यानं आउटलुकचं प्रोफाईल नवं केलं, तर सर्व्हरवर असलेले सगळे मेल पुन्हा उतरतात आणि पेटी दुपटीनं भरते.

ड्रॉइंग आता ऑफिसच्या सामायिक फोल्डरात जातं आणि पॅटर्नवाल्याला फक्त लिंक जाते. फाउंड्रीवाले काका लिंक उघडत नाहीत. त्यांना अजून जोडफाईलच लागते, आणि ती मी पाठवल्यावर लगेच Sent मधून काढते. महिन्यातून एकदा Folder Size उघडून Sent Items चा आकडा वहीत टिपते. मागच्या महिन्यात तो सव्वादोनशे एमबीनं वाढला होता, त्यातले दोनशे मालकांनी याच पीसीवरून पुन्हापुन्हा फॉरवर्ड केलेल्या एका व्हिडिओचे होते.